सोर नदी ते रामकुंड

नाशिकचे एक आजोबा इंग्लंडमध्ये लेस्टरला मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच त्यांचं निधन झालं, असं धरून चालू. मुलाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो दिवसांचा. दहा दिवसांच्या आत अस्थी रामकुंडात पोचायला हव्यात, असं त्यानं लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण इंग्लंडमध्ये पाच दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करायची, मग दाहगृहाची तारीख मिळायची, आणि मृत्यू व अंत्यसंस्कार यांत दोन-तीन आठवडे जाणं ही तिथली नेहमीची गोष्ट. म्हणजे दहावा दिवस उजाडतो तेव्हा बऱ्याचदा दहनही झालेलं नसतं.

अशा वेळी घरच्यांना वाटणारी अपराधी भावना काढून टाकण्याचं काम आधी गुरुजींना करावं लागतं. दहा दिवसांत विसर्जन झालं तर उत्तम, पण ते शक्य नसेल तर नंतरही करता येतं, हे धर्मशास्त्राला मान्य आहे. फक्त दहा दिवस उलटून गेल्यावर मुहूर्त पाहतात आणि अधिक मास, गुरू-शुक्राचा अस्त टाळतात. तोवर अस्थी कुठे ठेवायच्या? पूर्वी मडक्यात घालून झाडाला टांगत किंवा स्मशानातच ठेवत, कारण त्या घरात आणायच्या नाहीत असा रिवाज. परदेशात गॅरेज किंवा अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेचं कपाट यावर भागवावं लागतं, आणि बहुतेक गुरुजी त्याला हरकत घेत नाहीत.

आणखी एका गोष्टीनं मंडळी गोंधळतात. आपल्याकडे चिता शांत झाल्यावर राखेतून अस्थी वेचतात. तिथल्या दाहगृहात दहनानंतर उरलेली हाडं यंत्रात बारीक दळली जातात आणि हाती येते ती करड्या-पांढऱ्या भुकटीची दोन-तीन किलोंची पेटी. ‘यात अस्थी कुठल्या?’ असं घरातली वडीलधारी माणसं विचारतात. ती भुकटी म्हणजे हाडंच असतात. ज्यांना वेचलेल्या अस्थी हव्या असतील त्यांनी दहनाआधीच दाहगृहाला विचारावं. काही ठिकाणी थोडा भाग न दळता देतात, नंतर मात्र काही करता येत नाही.

आता नदी. लेस्टरपासून जवळच बॅरो अपॉन सोर हे गाव आहे. तिथे सोर नदीच्या एका पट्ट्यात हिंदू आणि शीख कुटुंबं होडीतून अस्थिविसर्जन करतात. वेल्समध्ये कार्डिफला टॅफ नदीच्या काठी 2021 मध्ये खास जागा सुरू झाली, तीही तिथल्या हिंदू-शिखांनी अनेक वर्षं पाठपुरावा केल्यानंतर. इंग्लंडच्या नद्यांत अस्थी सोडायला सरकारी परवाना लागत नाही. काठाची जमीन खासगी असेल तर मालकाची संमती मात्र घ्यावी लागते. पर्यावरण खात्याच्या सूचना साध्या आहेत. पिण्याचं पाणी उचलण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला एक किलोमीटरच्या आत विसर्जन करू नये, पोहण्याच्या आणि मासे धरण्याच्या जागा टाळाव्यात, वाऱ्याच्या दिवशी जाऊ नये, आणि प्लास्टिक किंवा धातूचं काहीही पाण्यात टाकू नये.

वाऱ्याची सूचना वाचून सोडून देण्यासारखी नाही. दळलेली भुकटी उंचावरून ओतली तर अर्धी परत अंगावर आणि होडीत येते, आणि त्या क्षणी सगळ्यांचीच मनं विस्कटतात. म्हणून भांडं पाण्याला जवळजवळ टेकवून, वाऱ्याकडे पाठ करून हळूहळू सोडायची. विधीत दक्षिणेकडे तोंड करायला सांगतात, तेव्हा वारा समोरून येत असेल तर गुरुजींना आधीच सांगावं, ते होडी कुठे उभी करायची ते पाहतात. पंचगव्याचे थेंब, तीळ, थोडा मध-तूप आणि सुट्या पाकळ्या एवढं पुरतं. नारळ, कापड, तसबीर, दोरा गुंडाळलेला हार हे घरीच ठेवावं. संकल्पात गुरुजी त्या देशाचं आणि नदीचं नाव घेतात, कलशातल्या पाण्यात आपल्या नद्यांचं आवाहन करतात, आणि कुणाकडे गंगाजलाची कुपी असेल तर त्याचे थेंब मिसळतात. वाहत्या, समुद्राला मिळणाऱ्या पाण्यात विसर्जन व्हावं, एवढा गाभा सांभाळला की पुष्कळ गुरुजी परदेशातली नदी मान्य करतात.

आपल्या उदाहरणातल्या मुलानं थोडा भाग सोर नदीत सोडला आणि बाकीचा नाशिकला न्यायचं ठरवलं. अस्थी अशा विभागण्यात दोष नाही. घरोघरी थोड्या नाशिकला, थोड्या प्रयागला असं होतच आलं आहे. पण इथून पुढे कागदांचं राज्य सुरू होतं, आणि त्यांना विधीसारखी सवड नसते.

मृत्यूचा दाखला, दाहगृहाचं प्रमाणपत्र, पेटीत राखेशिवाय काही नाही असं अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेचं पत्र, आजोबांचा मूळ पासपोर्ट आणि अस्थी नेणाऱ्याचा पासपोर्ट, एवढं घेऊन भारतीय दूतावासाकडे अर्ज करायचा. दूतावास आजोबांचा पासपोर्ट रद्द करतो आणि अस्थी भारतात न्यायला हरकत नसल्याचं पत्र देतो. नेणारा परदेशी नागरिक असेल तर त्याचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहावं. यादीत बारीक फरक पडत राहतो, म्हणून आपल्या भागाच्या दूतावासाकडून ताजी यादी मागवावी.

मराठी घरांत हे अडतं ते नावापाशी. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असतं. तिथला निबंधक मात्र घरच्यांनी सांगितलेलं नाव लिहितो, आणि दुःखाच्या भरात मुलगा वडिलांचं नाव वगळतो किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं सांगतो. दाखला आणि पासपोर्ट जुळले नाहीत की दूतावासाच्या खिडकीपाशी काम थांबतं, आणि दुरुस्तीला वेळ लागतो. म्हणून नोंदणीला जाताना पासपोर्ट समोर ठेवून अक्षरन्‌अक्षर ताडून घ्यावं आणि दाखल्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती तेव्हाच घ्याव्यात. बँक आणि गावाकडची मिळकत यांसाठीही त्या लागतातच.

दुसरी अडचण तांब्याच्या कलशाची. विमानतळाच्या क्ष-किरण तपासणीत धातूच्या आतलं दिसत नाही. अमेरिकेत तर सुरक्षा कर्मचारी अस्थींचं भांडं विनंती केली तरी उघडत नाहीत, आणि आतलं दिसलं नाही तर ते आत जाऊ देत नाहीत. तेव्हा अस्थी लाकडी, पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीतच न्याव्यात, सामानात न टाकता हातात ठेवाव्यात आणि विमान कंपनीला आधी कळवावं. रिकामा कलश बॅगेत घालून नाशिकला पोचल्यावर अस्थी त्यात काढता येतात. रामकुंडावर तीर्थोपाध्याय गोत्र, आडनाव, मूळ गाव विचारतात आणि घराण्याच्या नामावळीत नोंद करून घेतात, तेव्हा तेवढी माहिती मुलानं आधीच काकांकडून लिहून आणलेली बरी.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना यातलं बरंचसं लागू पडतं, पण पाण्याचे नियम वेगळे आहेत. समुद्रात विसर्जन करायचं तर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या नियमानुसार किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल आत जावं लागतं. आधी परवानगी मागावी लागत नाही, पण विसर्जनानंतर तीस दिवसांच्या आत कळवावं लागतं. फुलं पाण्यात कुजणारीच हवीत. नद्या आणि तळ्यांचे नियम मात्र राज्याराज्यांत निराळे आहेत. तेव्हा होडी ठरवण्याआधी त्या राज्याच्या कार्यालयात विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.