गटारातून येणारी झुरळे आणि रात्रीचा ओटा

शहरातील सदनिकेत रात्री दिवा लावताच ओट्यावरून पळणारे लहान झुरळ बहुतेक वेळा गटारातून वर आलेले नसते, तर त्याच स्वयंपाकघरात जन्मलेले असते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे झुरळांविरुद्धचे घरगुती उपाय पुष्कळदा चुकीच्या जागी केले जातात. नोकरीवरून उशिरा परतणारी आई संध्याकाळी घरकामाला येणाऱ्या बाईंना जो ध्वनिसंदेश पाठवते, त्यात हे गैरसमज एकत्र सापडतात. असा संदेश साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो: “मावशी, जाताना सिंकमध्ये फिनेल ओता, ट्रॉल्या आतून साबणाच्या फडक्याने पुसा आणि कोपऱ्यांत स्प्रे मारा. कढई आणि कुकर भिजत घालून ठेवा, सकाळी घासा.”

यातील फिनेलची सूचना सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत निरुपयोगी आहे. जाळीतून वर येणारे साडेतीन-चार सेंटिमीटर लांबीचे तांबूस झुरळ आणि स्वयंपाकघरात वाढणारे जेमतेम दीड सेंटिमीटरचे फिकट तपकिरी झुरळ या दोन वेगळ्या जाती आहेत. दुसऱ्या जातीच्या डोक्यामागील ढालीवर दोन काळे उभे पट्टे असतात, त्यावरून ती ओळखता येते. मोठ्या झुरळासाठी रात्री सिंकची जाळी झाकून ठेवणे उपयोगी पडते. लहान जात मात्र ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रीजच्या मोटरजवळ आणि ओट्याखालच्या फटींत राहते, आणि तेथे फिनेल पोचतच नाही. त्या जागी काळ्या मिऱ्याच्या भरडीसारखे ठिपके दिसले, तर ती झुरळांची विष्ठा असते आणि वस्ती तेथेच असल्याची ती खूण समजावी.

दुसरा समज असा की ओट्यावर अन्नाचा कण राहिला नाही म्हणजे झुरळांची उपासमार होते. वस्तुतः या जातीचे प्रौढ झुरळ पाणी मिळत राहिल्यास अन्नाशिवाय सुमारे महिनाभर तग धरू शकते. पाणी तुटले तर मात्र ते साधारण दोन आठवड्यांच्या आतच मरते. त्यामुळे पुसलेल्या ओट्याशेजारी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलेली कढई ही झुरळांसाठी पाणपोईच ठरते, आणि त्या पाण्यावर तेलाचा तवंग असल्यास जेवणाचीही सोय होते. ओले फडके नळावर वाळत घालणे आणि फ्रीजखालच्या ताटलीत साचलेले पाणी तसेच ठेवणे याच सदरात मोडते.

खरे नुकसान होते ते फडके आणि स्प्रे यांच्यामुळे. कीटकनाशक कंपनीचा कर्मचारी बिजागरीत जे बारीक तपकिरी ठिपके लावून जातो, ते ‘जेल’ असते, म्हणजे खाद्यात मिसळलेले आणि सावकाश परिणाम करणारे विष. ते खाल्लेले झुरळ लपण्याच्या जागी जाऊन मरते, आणि त्याची विष्ठा व मृत शरीर खाणारी पिल्लेही त्या विषाने दगावतात. साबणाच्या फडक्याने हे ठिपके स्वच्छतेच्या नावाखाली पुसले जातात. उरलेल्यांवर स्प्रे पडला की त्याच्या उग्र द्रव्यामुळे झुरळे खाद्याला तोंड लावत नाहीत आणि वस्ती फुटून शेजारच्या फटींत पसरते. समोरचे झुरळ उलटे पडलेले दिसते, म्हणून स्प्रे प्रभावी वाटतो एवढेच. फटीतल्या वस्तीवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही.

संदेशाची आणखी एक अडचण वेळेची आहे, आणि तिचा दोष मावशींकडे जात नाही. त्या आठला निघतात, घरातील जेवण साडेनऊला होते. तेव्हा रात्रीचे शेवटचे काम त्यांना सांगून भागत नाही. सुधारलेला संदेश म्हणून फार तर एवढा असावा: “मावशी, ट्रॉलीच्या बिजागरीतले तपकिरी ठिपके पुसू नका, स्प्रे मारू नका. कढईतले खरकटे काढून ती घासून पालथी ठेवा, भिजवू नका. गॅसच्या शेगडीखाली सांडलेले तेवढे पुसून घ्या.” जेवणानंतरची भांडी विसळणे, कचऱ्याची पिशवी बांधून दाराबाहेर ठेवणे आणि सिंक कोरड्या फडक्याने टिपणे ही कामे सर्वांत शेवटी, घरातील मंडळींनीच करायची असतात.

हे सर्व पाळूनही सुमारे महिन्याने बारीक पिल्ले दिसू लागली, म्हणजे उपाय फसला असे नव्हे. मादी 30 ते 40 अंड्यांची कुपी तीन-चार आठवडे, बहुधा पिल्ले बाहेर पडेपर्यंत, शरीराच्या मागच्या टोकाला बाळगते, आणि आतल्या अंड्यांपर्यंत विष पोचत नाही. अशा वेळी पुन्हा स्प्रे आणण्याऐवजी बिजागरीतील वाळलेले ठिपके बदलून घ्यावेत, कारण कडक झालेले खाद्य पिल्ले खात नाहीत.