मलमाची नळी फेकू नका

"डॉक्टर, अंगाला खाज येतेय, काय लावू?" एवढ्यावरून डॉक्टरांनी काय ओळखायचं? तोच मेसेज असा लिहून पाहा:

"डॉक्टर, पाच आठवड्यांपूर्वी उजव्या जांघेत रुपयाएवढा लाल चट्टा उठला. कड उठावदार होती, आता पुसट झालीय. पहिला आठवडा खोबरेल लावलं, फरक नाही. मग औषधाच्या दुकानातलं मलम दोन आठवडे लावलं. खाज थांबली, पण बंद केल्यावर चारच दिवसांत चट्टा तळहाताएवढा पसरला. आता दोन आठवडे काहीच लावलेलं नाही. धाकट्यालाही तसंच उठलंय. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत."

यातली मलमाची ओळ सगळ्यात मोलाची. नायट्यावर स्टेरॉइड असलेलं मलम लावलं की लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. ओळखीची गोल कडही पुसते, त्यामुळे नुसत्या फोटोवरून डॉक्टरही चकू शकतात. म्हणून नळीवरच्या नावांचा फोटो जोडा. चट्ट्याचे दोन फोटो दिवसाउजेडी काढा, एक जवळून, एक लांबून.

मात्र पुरळासोबत ताप, तोंडात फोड किंवा ओठांना सूज असेल, तर मेसेज लिहीत बसू नका. थेट दवाखाना गाठा.