लिंक्सचा उंबरठा

कॅनडात मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात लिंक्स नावाचं रानमांजर राहतं. त्याच्या दाट, मऊ कातडीला युरोपात मोठी मागणी होती. हडसन्स बे कंपनी ती कातडी विकत घ्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. त्या नोंदींतून १८२१ ते १९३४ या ११४ वर्षांचे आकडे आपल्या हाती आले आहेत.

त्यातला सुरुवातीचाच तुकडा बघा. १८२१ साली २६९ लिंक्स. मग दरवर्षी वाढत वाढत १८२८ साली ५९४३. पुढच्या वर्षी ४९५०, मग २५७७, मग ५२३, आणि १८३२ साली फक्त ९८. चढायला सात वर्षं लागली, उतरायला चार. पुढेही दर नऊ-दहा वर्षांनी असाच फेरा येतो, आणि बहुतेक वेळा उतार चढापेक्षा तीव्र असतो.

अशा आकड्यांसाठी नेहमीचं हत्यार म्हणजे ऑटोरिग्रेसिव्ह मॉडेल. यंदाचा आकडा गेल्या एक-दोन वर्षांच्या आकड्यांवरून काढायचा, आणि त्यासाठी एकच नियम कायम वापरायचा. १९५३ साली पॅट मोरॅन यांनी लिंक्सच्या आकड्यांवर ते बसवलं. फेरा सापडला, पण एक अडचण उरली. असा एकच सरळ नियम आणि त्यावर नेहमीच्या धाटणीची यादृच्छिक चढउतार, एवढ्यातून तयार होणाऱ्या लाटेचा चढ आणि उतार सरासरीने सारखेच असतात. आलेख उजवीकडून डावीकडे वाचला तरी फरक कळत नाही. लिंक्सचा आलेख उलटा धरला, तर तो लगेच ओळखू येतो.

हॉवेल टाँग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मार्ग सुचवला: नियम दोन ठेवा, आणि मध्ये एक उंबरठा. हेच थ्रेशोल्ड ऑटोरिग्रेसिव्ह मॉडेल. लिंक्ससाठी त्यांनी दिलेलं एक साधं रूप असं आहे. यात X म्हणजे त्या वर्षीच्या आकड्याचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम:

```
X(t-2) <= 3.25 :  X(t) = 0.62 + 1.25 X(t-1) - 0.43 X(t-2)
X(t-2) >  3.25 :  X(t) = 2.25 + 1.52 X(t-1) - 1.24 X(t-2)
```

३.२५ म्हणजे सुमारे १७८० लिंक्स. कोणता नियम लावायचा हे गेल्या वर्षावर नाही, दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर ठरतं. मला या मॉडेलमधली ही सगळ्यात अर्थपूर्ण गोष्ट वाटते. १८३२ सालचा अंदाज करून पाहू. आदल्या वर्षी ५२३ लिंक्स होते, म्हणजे संख्या उंबरठ्याच्या बरीच खाली आली होती. पण त्याआधीच्या वर्षी, १८३० साली, २५७७ होते, म्हणून नियम वरचाच लागतो. तो सांगतो सुमारे १४२. खालचा नियम लावला असता तर ३५६ आले असते. प्रत्यक्ष आकडा ९८.

यामागे जंगलातलं कारणही आहे. लिंक्सचं मुख्य खाद्य म्हणजे स्नोशू ससा. मांजरं खूप झाली की ससे कमी पडू लागतात. पुढे मांजरं घटली तरी ससे लगेच भरून येत नाहीत, त्यामुळे उपासमार आणखी काही काळ चालू राहते. खालच्या नियमात गेल्या-गेल्यावर्षीचा गुणक ०.४३ आहे, वरच्यात १.२४; गर्दीची शिक्षा वर जवळपास तिप्पट कडक.

उंबरठा शोधायची रीत सोपी आहे. एकेक संभाव्य पातळी घ्यायची, तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा नियम बसवायचा आणि एकूण चूक मोजायची. जिथे चूक सगळ्यात कमी, तो उंबरठा. टोकाच्या पातळ्या मात्र सोडून द्याव्या लागतात, कारण एका बाजूला पाच-सहाच आकडे उरले तर त्यांतून काहीही नियम निघतो.

खरी फसगत पुढे होते. आपण डझनावारी पातळ्या तपासून सर्वांत चांगली उचललेली असते, त्यामुळे दोन नियम एकापेक्षा सरस दिसणारच, मुळात उंबरठा नसला तरीही. म्हणून नेहमीचे सांख्यिकीय तक्ते इथे चालत नाहीत. एकाच नियमाने चालणाऱ्या शेकडो बनावट मालिका संगणकावर तयार करायच्या, प्रत्येकीत तसाच उंबरठा शोधायचा, आणि त्यांत दिसणाऱ्या खोट्या सुधारणेपेक्षा आपली सुधारणा ठळकपणे मोठी आहे का ते पाहायचं. हे न करता उंबरठा सापडल्याचं कुणी सांगितलं, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

लिंक्सच्या मॉडेलमध्ये अजून एक गोष्ट हिशेबाने कळते. खालचा नियम एकटाच चालला तर संख्या सुमारे २८०० वर स्थिरावेल. पण २८०० उंबरठ्याच्या वर आहे, तिथे पोचण्याआधीच नियम बदलतो. वरचा नियम एकटा असता तर संख्या कुठेच न स्थिरावता हेलकावे वाढत गेले असते. ती उंबरठ्याखाली गेली की दोन वर्षांनी खालचा नियम तिला सावरतो. म्हणून बाहेरून एकही धक्का दिला नाही, तरी हे मॉडेल वर जाऊन खाली येत राहतं.