न बोलावलेला π

कोऱ्या कागदाच्या मध्याच्या आसपास एक बिंदू घ्या. त्यापासून उजवीकडे अडीच सेंटिमीटरची रेघ ओढा. या रेघेला आपण 'एक' म्हणू. तिच्या टोकाशी गुण्या लावून वरच्या दिशेने तेवढीच दुसरी रेघ काढा आणि तिचं टोक मधल्या बिंदूला जोडा. पायथागोरसच्या कृपेने हा कर्ण √२ झाला. आता या कर्णाच्या बाहेरच्या टोकाशी काटकोन करून पुन्हा 'एक' लांबीची रेघ काढा, टोक मध्याला जोडा, की √३ मिळेल. असंच पुढे चालू ठेवा. शंखासारखी वळत जाणारी आकृती दिसू लागेल.

चूक नेमकी दुसऱ्या त्रिकोणात होते. गुण्या कर्णाला लावायचा असतो, पण हात सवयीने आधीच्या बाहेरच्या रेघेला लावतो आणि शंखाऐवजी चौकोन तयार होतो. मापातल्या बारीक चुकाही साठत जातात, म्हणून अधूनमधून तपासणी नाकी ठेवा. √४ म्हणजे दोन, तेव्हा तो कर्ण बरोबर ५ सेंमी भरला पाहिजे. √९ हा ७.५ सेंमी आणि √१६ हा १० सेंमी. जिथे माप चुकेल तिथून मागे जाऊन शोधा.

या आकृतीला थिओडोरसचं सर्पिल म्हणतात. प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सायरीनचा थिओडोरस ३ पासून १७ पर्यंतच्या, पूर्ण वर्ग नसलेल्या संख्यांच्या वर्गमुळांचा अपरिमेयपणा एकेक करून दाखवतो आणि १७ पाशी थांबतो. का थांबला, हे तिथे सांगितलेलं नाही. संवादात सर्पिलाचा उल्लेखही नाही. ती जोड फार पुढच्या काळातल्या अभ्यासकांची. पण तर्क गमतीचा आहे. मध्याशी होणारे कोन मोजून बेरीज करा: पहिला ४५°, दुसरा सुमारे ३५.२६°, तिसरा बरोबर ३०°. कर्ण √१७ येतो तो सोळाव्या त्रिकोणात, आणि तिथवर एकूण वळण होतं ३५१.१५°. फेरी पुरी व्हायला नऊ अंशही उरलेले नाहीत. सतरावा त्रिकोण १३.६३° चा, म्हणजे तो पहिल्या त्रिकोणावर चढणारच. कागद गचाळ व्हायच्या आत थिओडोरस थांबला, असं म्हणायला मला आवडतं. पुरावा मात्र काही नाही.

आता बेरीज थोडी वेगळ्या ढंगाने करू. त्रिकोण एकेक न घेता, कर्ण १ वरून २ होईपर्यंतचे एक गठ्ठा, २ वरून ३ होईपर्यंतचे दुसरा, ३ वरून ४ चा तिसरा. पहिल्या गठ्ठ्यात तीन त्रिकोण, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सात. आणि वळण? ११०.२६°, ११३.०४°, ११३.८१°. त्रिकोण वाढले, कोन बारीक झाले, तरी गठ्ठ्याचं वळण जवळपास तेवढंच! पहिल्यांदा ही बेरीज केली तेव्हा मी ती पुन्हा करून पाहिली होती.

कारण दोन ओळींचं आहे. मध्यापासून r अंतरावर असलेली 'एक' लांबीची रेघ मध्याशी साधारण १/r रेडियनचा कोन करते. रेघ लांब गेली की ती छोटी दिसते, तसंच हे. आणि कर्ण r वरून r + १ व्हायला त्रिकोण किती लागतात? (r + १)² − r², म्हणजे २r + १. मोठ्या r साठी हे जवळपास २r. एकेकाचा कोन १/r, त्रिकोण २r, गुणाकार २. म्हणजे मध्यापासून एक एकक दूर जाताना सर्पिल दर वेळी सुमारे २ रेडियन वळतं, अंशांत ११४.५९°. आपले गठ्ठे त्याच आकड्याकडे सरकत होते. कोन शून्याकडे जातात, तरी त्यांची बेरीज कुठेच अडत नाही, हेही यातूनच कळतं.

मग पूर्ण फेरीला किती अंतर लागेल? फेरी २π रेडियनची, एका एककात वळण २ रेडियन. भागाकार π.

कंपास कुठेही फिरवला नव्हता, वर्तुळाचा तुकडाही काढला नव्हता. खरं वाटत नसेल तर मोठा कागद घ्या आणि सुरुवातीची आडवी रेघ उजवीकडे लांब वाढवा. सर्पिल तिच्यावर १ पासून निघतं. सतराव्या त्रिकोणात ती ४.१७ वर ओलांडतं, चौपन्नाव्यात ७.३५ वर, एकशेदहाव्यात १०.४९ वर. बाहेरची बाजू सरळ रेघांची असल्याने अंतरं जराशी डगमगतात: ३.१७, ३.१८, ३.१४. फेऱ्या वाढतील तसा हा डगमगाट विरत जातो. अडीच सेंमीच्या एककाने एकशेदहावा त्रिकोण मध्यापासून सव्वीस सेंमीवर पोचतो, तेव्हा वहीच्या पानावर हे मावायचं नाही. वर्गाच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उलटं करून घ्या.