केशगळतीचे शास्त्र, लेखांक नववा : टाळूला लावलेले फिनास्टेराइड रक्तात किती उतरते?

फिनास्टेराइडची गोळी अर्धी केली की दुष्परिणामांची धास्तीही निम्म्यावर येते, असा समज पुष्कळ पुरुषांत रूढ आहे. परंतु मागील लेखांकात पाहिलेल्या विकराचा स्वभाव लक्षात घेता हा समज टिकत नाही. टेस्टोस्टेरॉनचे डीएचटीत रूपांतर करणाऱ्या या विकराला फिनास्टेराइड एकदा चिकटले की सहजासहजी सुटत नाही. कुलपात मोडलेल्या किल्लीप्रमाणे ते तेथेच अडकून बसते आणि शरीराने नवा विकर तयार करीपर्यंत तो विकर निकामीच राहतो. रक्तातील औषधाचे प्रमाण पाच-सहा तासांत निम्म्यावर येते, तरी त्याचा परिणाम मात्र कित्येक दिवस टिकतो, याचे कारण हेच होय. त्यामुळे अगदी अल्प मात्रादेखील, रोज घेतली गेल्यास, जवळजवळ पूर्ण मात्रेइतके काम करते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा आठवडे रोज 5 मिलिग्रॅम घेणाऱ्या पुरुषांच्या रक्तातील डीएचटी सुमारे 72 टक्क्यांनी घटले, 1 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे 71 टक्क्यांनी आणि 0.2 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे 69 टक्क्यांनी. म्हणजे मात्रा पंचवीस पटींनी कमी केली, तरी परिणामात तीन-चार टक्क्यांचाच फरक पडला.

या आठवड्यात डुटास्टेराइडचा विचार होणार होता. तो पुढील लेखांकावर ढकलला आहे, कारण नाशिकच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी सोडवणे अगत्याचे वाटले. या वाचकाला गोळीची भीती वाटत असल्याने त्याने डोक्याला लावायचे द्रावण आणले आहे. बाटलीवर मिनॉक्सिडिल 5 टक्के आणि फिनास्टेराइड 0.1 टक्के असे छापलेले आहे. परदेशातील चाचण्यांत 0.25 टक्क्यांचे द्रावण वापरले गेले असल्याने आपले द्रावण त्याहून सौम्य, आणि म्हणून अधिक सुरक्षित, असे मानावे काय, असा त्याचा प्रश्न आहे. प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरात या संपूर्ण विषयाचे मर्म आले आहे.

प्रथम चाचण्या काय सांगतात ते पाहू. 0.25 टक्क्यांच्या ज्या द्रावणाचा वाचकाने उल्लेख केला आहे, त्याचा पहिला महत्त्वाचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात काही पुरुषांना हे द्रावण दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी 1 मिलिलिटर, टाळूला लावण्यास दिले होते आणि इतरांना रोज 1 मिलिग्रॅमची गोळी. आठवड्याअखेर द्रावण लावणाऱ्यांच्या रक्तात औषधाचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत पुष्कळच कमी आढळले, आणि येथवर सर्व अपेक्षेप्रमाणेच होते. परंतु रक्तातील डीएचटी मोजले तेव्हा ते दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे साधारण 70 टक्क्यांच्या आसपास, घटलेले निघाले. औषध रक्तात थोडेच पोहोचले होते, पण जे पोहोचले तेवढे विकराला निकामी करण्यास पुरेसे होते. रक्तातील औषधाची पातळी आणि औषधाचा शरीरावरील परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते. जाहिरातींत मात्र पहिलीच गोष्ट ठळक अक्षरांत सांगितली जाते.

या निष्कर्षामुळे संशोधकांनी द्रावणाची टक्केवारी तशीच ठेवून लावण्याचे प्रमाण उतरवत नेले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिवसातून एकदाच 100, 200, 300 किंवा 400 मायक्रोलिटर द्रावण लावले गेले. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, तेव्हा 100 मायक्रोलिटर म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब. आठवड्यानंतर टाळूच्या त्वचेचा सूक्ष्म तुकडा काढून त्यातील डीएचटी मोजले गेले आणि रक्तातीलही. 100 व 200 मायक्रोलिटर लावणाऱ्यांच्या टाळूतील डीएचटी सुमारे निम्म्याने घटले, तर रक्तातील केवळ पाव हिश्श्याने, म्हणजे 24 ते 26 टक्क्यांनी. प्रमाण 300 व 400 मायक्रोलिटरवर नेल्यावर टाळूतील घट काही वाढली नाही. रक्तातील घट मात्र 44 ते 48 टक्क्यांवर गेली. म्हणजे एका मर्यादेपलीकडे लावलेला प्रत्येक थेंब टाळूला काही अधिक देत नाही, त्याचा परिणाम केवळ रक्तात दिसू लागतो. अभ्यास लहान आणि एकाच आठवड्याचा असल्याने हे आकडे ताणून चालणार नाही, तरी त्यांची दिशा निःसंदिग्ध आहे.

याच आधारावर पुढील मोठी चाचणी आखली गेली, आणि तिचे निष्कर्ष 2022 साली युरोपातील त्वचाविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आले. त्यात चारशेहून अधिक पुरुषांना 24 आठवडे औषधी फवारा, औषधविरहित फवारा किंवा 1 मिलिग्रॅमची गोळी यांपैकी एक दिले गेले. औषधी फवाऱ्याचा एक दाब म्हणजे 50 मायक्रोलिटर, आणि टकलाच्या विस्तारानुसार दिवसाला एक ते चार दाब, म्हणजे कमाल 200 मायक्रोलिटर. औषधी फवारा घेणाऱ्यांच्या टाळूवर दर चौरस सेंटिमीटरमागे सरासरी 20 केस वाढले, औषधविरहित फवाऱ्याने सुमारे 7, आणि गोळीचा परिणाम औषधी फवाऱ्याच्या जवळपासच राहिला. रक्तातील औषधाची कमाल पातळी गोळीच्या तुलनेत शंभर पटींहूनही कमी होती. डीएचटी मात्र फवाऱ्याने सुमारे 35 टक्क्यांनी आणि गोळीने 56 टक्क्यांनी घटले. शंभर पट कमी औषधाने डीएचटीवरील परिणाम शंभर पट कमी झाला नाही, तो गोळीच्या सुमारे तीन-पंचमांश इतका राहिला. फवाऱ्याचा लाभ खरा आहे, पण तो एवढाच आहे.

आता नाशिकच्या वाचकाच्या बाटलीचा हिशेब मांडता येतो. 0.1 टक्के म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम, अर्थात दर मिलिलिटरमागे 1 मिलिग्रॅम. बाटली 60 मिलिलिटरची असून सांगितल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ 1-1 मिलिलिटर लावल्यास ती महिनाभर पुरते. म्हणजे टाळूवर रोज 2 मिलिग्रॅम फिनास्टेराइड पडते. चाचणीतील फवाऱ्यात दर मिलिलिटरमागे 2.275 मिलिग्रॅम फिनास्टेराइड होते, तेव्हा कमाल चार दाबांत 0.455 मिलिग्रॅम. टक्केवारीने सौम्य भासणारी बाटली रोजच्या मात्रेत चौपटीहून अधिक भरते. ‘0.1’ आणि ‘0.25’ या आकड्यांची तुलना करून सुरक्षिततेविषयी काहीच कळत नाही; मिलिलिटरने गुणल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

असे का घडते, याचे कारण बाटलीतील दुसऱ्या औषधात आहे. दिवसातून दोनदा 1-1 मिलिलिटर हे प्रमाण मुळात मिनॉक्सिडिलचे. फिनास्टेराइड त्याच बाटलीत घातल्यामुळे त्यालाही तेच प्रमाण लागू होते. रक्तातील डीएचटी वाचवण्यासाठी द्रावण कमी लावावे, तर मिनॉक्सिडिल कमी पडते, आणि मिनॉक्सिडिल पुरेसे लावावे, तर फिनास्टेराइड गरजेपेक्षा जास्त होते. दोन औषधे दोन वेगळ्या बाटल्यांत असल्यास ही अडचण राहत नाही.

तथापि या बाटलीमुळे रक्तातील डीएचटी नेमके किती घटेल, हे वरील चाचण्यांवरून काढता येत नाही, कारण त्वचेतून औषध किती शिरेल हे त्याच्या माध्यमावर, म्हणजे ते ज्या द्रवात विरघळवले आहे त्यावर, बरेच अवलंबून असते. चाचणीतील फवाऱ्यात कायटोसानपासून बनवलेले एक द्रव्य होते. ते वाळल्यावर त्वचेवर पातळ पापुद्रा धरते आणि औषध वरच्या थरातच राहावे, हा त्यामागील हेतू असतो. अनेक मिनॉक्सिडिल द्रावणांत मात्र अल्कोहोलबरोबर प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, आणि ते औषधाला त्वचेत शिरण्यास मदत करते. टाळूला खाज, कोंडा किंवा जखमा असल्यास, अथवा बारीक सुयांचा डर्मारोलर फिरवून लगेच द्रावण लावल्यास, त्वचेची अडवणूक आणखी कमी होते. यांपैकी काही घडत असेल, तर बाहेरून लावण्याचा मुख्य फायदाच नाहीसा होतो.

डीएचटी कमी झाले म्हणजे दुष्परिणाम होतीलच, असे मात्र नाही. 1 मिलिग्रॅम गोळीच्या मूळ चाचण्यांत लैंगिक तक्रारी सुमारे 3.8 टक्के पुरुषांनी नोंदवल्या, आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकीही 2.1 टक्क्यांनी, डीएचटी तर बहुतेक सर्वांचेच उतरले होते. तरी धास्ती अगदीच निराधार नाही. मे 2025 मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने फिनास्टेराइडच्या गोळ्यांमुळे आत्महत्येचे विचार येऊ शकतात हे मान्य केले. फवाऱ्याबाबत तसा पुरावा तिला आढळला नाही. परंतु त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, औषधविक्रेत्यांनी मिसळून तयार केलेल्या आणि डोक्याला लावण्याच्या फिनास्टेराइडविषयी इशारा दिला होता. 2019 ते 2024 या काळात तक्रारींची 32 प्रकरणे त्याच्याकडे आली होती, आणि त्यांत नैराश्य, चिंता व लैंगिक तक्रारींचा समावेश होता. बाहेरून लावायचे आहे म्हणून धोका नाही, अशी काही रुग्णांची समजूत होती, हेही त्यातून पुढे आले.

तेव्हा नाशिकच्या वाचकाला, आणि त्याच विवंचनेतील इतरांना, सांगावयाचे ते असे. टाळूला लावण्याचे औषध हे रक्तात न जाणारे औषध नव्हे. अत्यल्प प्रमाणात लावल्यास ते रक्तात कमी परिणाम करते, एवढेच त्याच्याविषयी सिद्ध झाले आहे. बाटलीवरील टक्केवारीला रोजच्या मिलिलिटरने आणि मग दहाने गुणून एकूण मिलिग्रॅम काढावेत आणि तो आकडा घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मिनॉक्सिडिल वेगळे लावून फिनास्टेराइड दिवसातून एकदा, थोडक्या थेंबांत, देता येईल काय, हे त्यांना विचारावे. हात लगेच धुवावेत आणि द्रावण पूर्ण वाळेपर्यंत उशी किंवा घरातील लहान मुलांचा स्पर्श टाळावा. पत्नी गर्भवती असल्यास ही काळजी विशेष घ्यावी, कारण मुलाच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीला डीएचटी आवश्यक असते. आणि मन उदास राहू लागले किंवा लैंगिक तक्रार जाणवली, तर औषध वरून लावलेले आहे म्हणून ती त्याची नसेल, असे गृहीत न धरता ते थांबवून डॉक्टरांना गाठावे.