मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द

प्राणी, पाणी, हवामान इत्यादींच्या आवाजाचे अनुकरण करून बनलेल्या शब्दांना ध्वन्यनुकारी किंवा अनुकरणवाचक शब्द म्हणतात. उदा. चिवचिव, खळखळ, गडगड. मराठी व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त व अनुकरणवाचक असे तीन प्रकार मानले जातात. त्यांपैकी हा तिसरा प्रकार होय. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात अशा शब्दांची व्युत्पत्ती ‘ध्व.’ या संक्षेपाने दाखविली आहे.

वर्गीकरणाचे तत्त्व

शालेय पुस्तकांत हे शब्द आवाज करणाऱ्यानुसार दिलेले असतात: कावळ्याची कावकाव, बेडकाचे डरांव डरांव, पानांची सळसळ. पाठांतरास ही यादी सोयीची असली, तरी तीत शब्दांमधील नाते दिसत नाही. सळसळ पानांची असते, तशीच सरपटणाऱ्या सापाचीही असते. माशा घोंघावतात आणि वादळी वाराही घोंघावतो. म्हणून संग्रह करताना शब्द कोणाचा आहे यापेक्षा तो कोणत्या आवाजाची नक्कल करतो, हे पाहून गट पाडणे अधिक उपयुक्त ठरते.

बारीक व जाड आवाज

चिवचिव, किलबिल, किचकिच, रातकिड्यांची किरकिर या शब्दांत इकार असून त्यांतून बारीक, तीव्र आवाज सूचित होतो. गुरगुर, भुणभुण आणि पारव्याचे घुमणे यांत उकार असून आवाज खालच्या पट्टीतील आहे. येथे स्वर प्राण्याच्या आकारमानावर अवलंबून नसतो. घोडा मोठा असला तरी त्याचा आवाज उंच पट्टीत चढतो, म्हणून तो खिंकाळतो. हत्तीच्या तीव्र आवाजालाही चीत्कार म्हणतात. उलट, भुंगा लहान असूनही त्याच्या नावातच उकार आहे. हा कल अनेक शब्दांत आढळतो. तो नियम मात्र नव्हे. कावकाव किंवा डरांव डरांव यांना तो लागू होत नाही.

पाण्याचे आवाज

थेंब एकेक पडतो तेव्हा टपटप, सावकाश झिरपतो तेव्हा ठिबक. ‘ठिबक सिंचन’ या संज्ञेत हाच शब्द आहे. बारीक प्रवाह झुळझुळ वाहतो, दगडगोट्यांवरून जाणारे पाणी खळखळते आणि कड्यावरून कोसळणारे पाणी धबधब पडते. त्यावरूनच धबधबा हे नाम झाले.

‘खळखळ’ या एका शब्दावरून अशा शब्दांचा विस्तार लक्षात येतो. खळखळणे हे क्रियापद, खळखळाट हे ‘आट’ प्रत्ययान्त नाम आणि खळाखळा हे क्रियाविशेषण. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीतही निरीक्षण अचूक आहे, कारण उथळ प्रवाह दगडांवर आपटून आवाज करतो, तर खोल डोह शांत असतो. स्वर बदलून ‘खुळखुळ’ केले की पाणी जाऊन नाण्यांचा किंवा खुळखुळ्याचा आवाज येतो. ‘खळखळ न करता पैसे दिले’ या वाक्यात मात्र आवाज उरलेला नाही. तेथे अर्थ आढेवेढे असा आहे. संग्रहात असा लाक्षणिक अर्थ वेगळा नोंदवावा लागतो.

पाऊस, वारा आणि वीज

हलक्या पावसाची रिमझिम असते, कंटाळवाण्या संततधारेची रिपरिप असते आणि जोराचा पाऊस धो धो कोसळतो. वाऱ्याच्या सों सों आवाजाशी सोसाटा हा शब्द जोडलेला आहे.

ढगांचा गडगडाट व विजांचा कडकडाट असे दोन उगम रूढ भाषेत मानले जातात. वस्तुतः दोन्ही आवाज विजेचेच आहेत. वीज जवळ पडली की तडा गेल्यासारखा तीव्र आवाज येतो. तो ‘कड’ने दाखविला जातो. दूरच्या विजेच्या लांब मार्गावरील निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज मागेपुढे पोहोचतो आणि प्रतिध्वनींमुळे घरंगळल्यासारखा लांबतो. तो ‘गडगड’ होय. आवाज एकदाच झाला तर द्विरुक्ती न करता ‘कन’ किंवा ‘दिशी’ लावतात: कडकन, टपकन, धप्पदिशी.

संग्रहातील सामान्य चुका

द्विरुक्त शब्द दिसला की तो ध्वन्यनुकारी मानणे, ही नेहमीची चूक आहे. चमचम, लखलख, झगमग हे शब्द कानाचे नसून डोळ्यांचे आहेत. ‘मुसळधार’ हा शब्द धारेच्या जाडीवरून आला आहे, आवाजावरून नव्हे. पावशा पक्ष्याची ‘पेर्ते व्हा’ ही हाक हे वेगळेच उदाहरण आहे. तीत आवाजावर अर्थपूर्ण वाक्य बसविले आहे; पावसाच्या तोंडावर ऐकू येणाऱ्या या हाकेत शेतकऱ्याला पेरणीची सूचना दिसली. अशा नोंदी शब्दांच्या गटात न मिसळता स्वतंत्र ठेवणे योग्य.