माथेरान गार का?

नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून सुमारे 40 मीटरवर आहे आणि माथेरान स्टेशन 804 मीटरवर. म्हणजे माथेरान सूर्याच्या पाऊण किलोमीटर जवळ. तरी गारवा तिथेच. कुणाला विचारलं तर "वर हवा विरळ असते ना" असं उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे.

सूर्याचं ऊन हवेला फारसं न तापवता खाली येतं आणि जमीन तापवतं. जमिनीलगतची हवा तापून वर निघते. नेरळच्या 35 अंशांच्या हवेचा एक किलोचा गोळा वर निघाला, असं समजा. प्रत्येक मीटरला त्याच्या डोक्यावरचं हवेचं ओझं थोडं कमी होतं, म्हणून दाब उतरतो: dp = −ρ g dz. इथे ρ ही हवेची घनता. दाब उतरला की गोळा फुगतो, आणि फुगताना आजूबाजूच्या हवेला ढकलतो. ढकलायला ऊर्जा लागते. ती बाहेरून मिळत नाही, कारण हवा उष्णतेची वाईट वाहक आहे आणि गोळा मोठा आहे. मग तो स्वतःच्याच उष्णतेतून खर्च भागवतो. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा बोटाला गार लागते, ती याचमुळे.

बाहेरून उष्णता शून्य, असं धरलं की ऊष्मागतिकीचा पहिला नियम सांगतो: cp dT = dp/ρ. यात वरचं समीकरण घाला. गंमत अशी, की घनता दोन्हीकडून कटते!

dT/dz = −g/cp

म्हणजे हवा दाट की विरळ, हा प्रश्नच उरत नाही. एक किलो हवा एक मीटर उचलायला 9.8 ज्यूल लागतात. स्थिर दाबाखाली तिचं तापमान एक अंशाने बदलायला सुमारे 1004 ज्यूल. भागाकार केला तर दर किलोमीटरला 9.8 अंशांची घट. नेरळ ते माथेरान 764 मीटर, म्हणजे साधारण साडेसात अंश. आपला गोळा साडेसत्तावीस अंशांवर पोचला.

हा हिशेब हवेतली वाफ वाफच राहते तोवरचा. ढग धरू लागला की वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि गार होण्याचा वेग मंदावतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो निम्म्यावरही येतो. शिवाय हा दर वर चढणाऱ्या गोळ्याचा आहे. आजूबाजूची हवा तो पाळेलच असं नाही. दुपारच्या उन्हाने हवा खालवर ढवळली गेली, तरच ती त्याच्या जवळ जाते. हिवाळ्यातल्या पहाटे थंड हवा खाली साचते, तेव्हा पायथाच डोंगरापेक्षा गार असू शकतो.

पडताळून पाहायचं असेल तर एप्रिलमधली निरभ्र दुपार निवडा आणि दोन्ही थर्मामीटर सावलीत, जमिनीपासून सारख्याच उंचीवर टांगा. फरक साडेसातापेक्षा थोडा कमी आला तर थर्मामीटरला दोष देऊ नका. माथ्यावरची जमीनही उन्हात तापलेली असते.